टीमसाठी स्किल मॅट्रिक्स: कुठल्या लेव्हलला 'चांगलं काम' म्हणजे नेमकं काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी एका सॉफ्टवेअर प्रॉडक्टच्या कस्टमर सपोर्ट टीमची लीड होते, माझ्यासोबत अजून एक लीड आणि खाली नऊ जण. आम्ही दोनदा मॅट्रिक्स बनवली, पहिली साफ फसली, दुसरी अजून चालू आहे. त्यावरून लोक जे प्रश्न सारखे विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतेय. उदाहरणं सगळी सपोर्टची आहेत कारण मला तेच काम येतं, तुमचं काम वेगळं असेल तर सेलमधला मजकूर बदलेल, करायची पद्धत तीच राहील.

स्किल मॅट्रिक्स म्हणजे तोच तक्ता ना, डावीकडे माणसांची नावं आणि वर स्किल्स?

तो अर्धा भाग झाला. नावं आणि आकडे असलेला तक्ता कोणीही तासाभरात बनवतो. खरा प्रश्न असा की त्यातला '३' म्हणजे काय. हे कुठे लिहिलेलंच नसेल तर प्रत्येक लीड आपापल्या मनातला ३ देतो आणि मग अप्रेझलला भांडण होतं. म्हणून दोन शीट लागतात. एका शीटमध्ये व्याख्या, म्हणजे प्रत्येक स्किलच्या प्रत्येक लेव्हलला काम कसं दिसतं ते. दुसऱ्या शीटमध्ये कोण कुठे आहे ते. पहिली सगळ्यांना उघडी ठेवायची, दुसरीत प्रत्येकाने फक्त आपली ओळ बघायची. इथे मी बहुतेक पहिल्या शीटबद्दलच बोलणार आहे, कारण सगळं तिथेच बिघडतं.

तुमची पहिली मॅट्रिक्स का फसली?

कारण आम्ही ती बंद खोलीत बसून, विशेषणं वापरून लिहिली. २४ स्किल्स, ५ लेव्हल, म्हणजे १२० सेल. आणि त्यात काय होतं? लेव्हल १ ला 'प्रॉडक्टची प्राथमिक माहिती', २ ला 'चांगली माहिती', ३ ला 'सखोल माहिती', ४ ला 'अतिशय सखोल', ५ ला 'तज्ज्ञ'. आता सांगा, सखोल आणि अतिशय सखोल यात फरक काय? लिहिणाऱ्या आम्हालाच माहीत नव्हता. लेव्हल वाढली की विशेषण एक किलोने जड करायचं, एवढंच चाललं होतं. टीमने एकदा उघडून बघितली आणि परत कोणी उघडली नाही, चार महिन्यांनी मीच तिची लिंक शोधत होते.

तुमची मॅट्रिक्स अशी आहे का ते बघायची सोपी युक्ती: एका स्किलच्या सगळ्या सेलमधली विशेषणं आणि 'प्रभावीपणे', 'सातत्याने', 'उत्तम प्रकारे' असले शब्द खोडून टाका. सगळ्या लेव्हल सारख्याच दिसायला लागल्या तर तिथे व्याख्या लिहिलेली नाहीये.

मग लिहायला सुरुवात कुठून करायची?

घडलेल्या प्रसंगांपासून. ही कल्पना माझी नाही, बरीच जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली 'क्रिटिकल इन्सिडेंट' नावाची पद्धत मांडली, तिचा गाभा असा की माणूस कसा आहे हे विचारू नका, त्याने एखाद्या वेळी नेमकं काय केलं ज्यामुळे काम सुधारलं किंवा बिघडलं, ते गोळा करा.

आम्ही नऊही जणांना प्रत्येकी पाच प्रसंग लिहायला सांगितले. कोणाचंही नाव घालायचं नाही. प्रत्येक प्रसंगात तीनच गोष्टी: परिस्थिती काय होती, त्या माणसाने काय केलं, त्याचं पुढे काय झालं. चांगले पण आणि फसलेले पण. ४५ चिठ्ठ्या आल्या, एकाच घटनेबद्दलच्या आणि 'तो खूप मदत करतो' टाइपच्या काढून टाकल्यावर ३१ उरल्या. त्या टेबलवर पसरल्या आणि सारख्या वाटतील त्या जवळजवळ ठेवल्या. सहा गठ्ठे झाले, तीच आमची सहा स्किल्स झाली: प्रॉब्लेमचं मूळ शोधणं, इंजिनिअरिंगकडे एस्कलेशन पाठवणं, ग्राहकाला उत्तर लिहिणं, प्रॉडक्टची माहिती, हेल्प लेख लिहिणं, दुसऱ्याला शिकवणं.

गंमत म्हणजे जुन्या मॅट्रिक्समधल्या २४ स्किल्सपैकी 'वेळेचं नियोजन' आणि 'सकारात्मक दृष्टिकोन' यांच्यावर एकही चिठ्ठी आली नाही.

सहाच स्किल्स? आणि लेव्हल किती?

सहा स्किल्स, चार लेव्हल, २४ सेल. यापेक्षा जास्त झालं की एका माणसाबद्दल बोलायला बसल्यावर तिसऱ्या पानाला सगळे थकतात आणि पुढचे आकडे अंदाजपंचे पडतात. चारच लेव्हल का, तर पाच असल्या की दोन्ही लीड मधला ३ देऊन मोकळे होतात, चारमध्ये मधली जागाच नसते, ठरवावंच लागतं. पण याला नियम नाही. दोन शेजारच्या लेव्हलमधला फरक प्रसंगांनी दाखवता येत नसेल तर ती एकच लेव्हल आहे असं समजा.

एक स्किल पूर्ण लिहून दाखवा ना.

एस्कलेशन घेऊ. म्हणजे सपोर्टकडून इंजिनिअरकडे केस पाठवणं. आमच्याकडे आता ते असं आहे:

लेव्हल १: प्रॉब्लेम आधी टेस्ट अकाउंटवर स्वतः करून बघतो, ठरलेला फॉर्म पूर्ण भरतो, पाठवायच्या आधी सिनियरला दाखवतो.

लेव्हल २: कोणाला न दाखवता पाठवतो आणि इंजिनिअरला उलट काही विचारावं लागत नाही. काय काय तपासून झालंय आणि ते कारण नाही, हेही लिहिलेलं असतं.

लेव्हल ३: कधी होतं कधी होत नाही असा प्रॉब्लेम नेमका कोणत्या परिस्थितीत होतो ते शोधून देतो. अजून किती ग्राहकांना लागू आहे आणि दुरुस्ती होईपर्यंत त्यांनी काय करायचं ते सांगतो. जे पाठवायची गरज नाही ते पाठवत नाही.

लेव्हल ४: वेगवेगळ्या केसेसमधलं समान कारण ओळखतो आणि त्या केसेस येणंच कमी होईल असा बदल घडवून आणतो, मग तो फॉर्ममधला असो की प्रॉडक्टमधला.

आता एकच केस घेऊन बघू. ग्राहक म्हणतो, रिपोर्ट एक्स्पोर्ट केला की फाइल रिकामी येते. लेव्हल १ चा माणूस टेस्ट अकाउंटवर एक्स्पोर्ट करतो, त्याच्याकडे फाइल नीट येते, तो तसं लिहितो, ग्राहकाचा अकाउंट नंबर, स्क्रीनशॉट, वेळ सगळं भरतो आणि सिनियरला विचारतो की पाठवू का. त्याने त्याचं काम चोख केलं, हे लक्षात घ्या, लेव्हल १ म्हणजे वाईट काम नाही. लेव्हल २ चा माणूस याच्यापुढे जाऊन दुसऱ्या ब्राउझरवर बघतो, ग्राहकाच्या परमिशन बघतो, दुसरा रिपोर्ट काढून बघतो, आणि लिहितो की ही तिन्ही कारणं नाहीत, फक्त तारीख 'आज' निवडली की होतंय. इंजिनिअर लगेच कामाला लागू शकतो.

लेव्हल ३ च्या माणसाला खटकतं की ग्राहकाची तक्रार दर वेळी सकाळीच येते. तो जुनी तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी, काढतो, वेळा बघतो, अजून सात ग्राहक सापडतात, सगळे सर्व्हरच्या घड्याळापेक्षा पुढे असलेल्या टाइमझोनमधले. त्यांच्याकडे तारीख बदललेली असते, सर्व्हरवर अजून बदललेली नसते, म्हणून 'आज'चा डेटा शोधताना सर्व्हर उद्याचा दिवस बघतो आणि रिकामी फाइल देतो. तो सातही जणांना कळवतो की तोपर्यंत 'काल ते आज' अशी रेंज निवडा, कालच्या नोंदी जास्तीच्या येतील तेवढ्या गाळा. आणि लेव्हल ४? तिला आठवतं की मागच्या महिन्यात रिमाइंडर एक दिवस उशिरा जातात अशी तक्रार होती आणि त्याच्या आधी बिलाची तारीख चुकत होती. ती तिन्ही एकत्र मांडून इंजिनिअरिंगला सांगते की तारीख वापरणाऱ्या सगळ्या जागा एकदा तपासा, आणि आपल्या फॉर्ममध्ये 'ग्राहकाचा टाइमझोन' हा रकाना टाकून घेते.

म्हणजे लेव्हल वाढते तेव्हा नक्की काय वाढतं?

वरच्या उदाहरणातच दिसतं. मदत कमी लागते, हे १ आणि २ मधलं अंतर. प्रश्न जास्त धूसर असला तरी झेपतो, हे २ आणि ३ मधलं. आणि कामाचा परिणाम आपल्या तिकिटाच्या बाहेर पोचतो, हे ३ आणि ४ मधलं. मी नवीन सेल लिहिताना हे तीन प्रश्न समोर ठेवते: एकट्याला जमतं का, प्रश्न नीट मांडलेला नसला तरी जमतं का, आणि त्याने इतरांचं काम सोपं झालं का.

काय वाढत नाही ते पण सांगते. वर्षं. 'किमान ३ वर्षांचा अनुभव' असं सेलमध्ये लिहू नका, एकाच वर्षाचा अनुभव तीनदा घेतलेली माणसं सगळ्यांनी पाहिलेली असतात. टूलचं नावही नको. आम्ही एका सेलमध्ये तिकीट सिस्टिमचं नाव आणि तिच्यातली बटणं लिहिली होती, सिस्टिम बदलली आणि तो सेल मेला.

आपण लिहिलेलं इतरांना तसंच समजतंय हे कसं कळणार?

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे आणि बहुतेक लोक नेमका हाच गाळतात. २४ सेल वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर छापा. वर स्किलचं नाव नाही, लेव्हल नाही. पिसा. आणि ज्यांनी ते सेल लिहिले नाहीत अशा चार जणांना वेगवेगळं बसवून सांगा की प्रत्येक चिठ्ठी कोणत्या स्किलची, कोणत्या लेव्हलची ते ओळखून रिकाम्या तक्त्यात ठेवा. पॅट्रिशिया स्मिथ आणि लॉर्न केंडल या मानसशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये नर्सेसच्या कामाची मोजपट्टी बनवताना असाच प्रकार केला होता. ज्या वाक्यांवर लोकांचं एकमत होत नव्हतं ती त्यांनी सरळ काढून टाकली.

आमचा नियम: चारपैकी तिघांनी तिच्या खऱ्या घरात ठेवली तर चिठ्ठी पास. पहिल्या फेरीत २४ पैकी १५ पास, ९ नापास. बसलेल्यांत तीन टीमचे होते आणि चौथा मुद्दाम बोलावलेला इंजिनिअर, जो आमच्या एस्कलेशन घेतो. तेव्हा आमच्या लेव्हल २ ला लिहिलं होतं 'टेस्ट अकाउंटवर स्वतः करून बघतो आणि स्टेप्स लिहितो'. त्या पठ्ठ्याने ती चिठ्ठी लेव्हल १ मध्ये टाकली, आणखी दोघांनीही तसंच केलं. मी नंतर विचारलं तर म्हणाला, 'अहो हे तर किमान आहे, हे केलंच नसेल तर मी केस परत पाठवतो.' आम्ही ज्याला चांगलं काम समजत होतो ते काम घेणाऱ्याच्या लेखी नुसती प्रवेश फी होती. तो मुद्दा खाली १ मध्ये गेला आणि २ नव्याने लिहिली, त्याच्याच शब्दांत: 'उलट काही विचारावं लागत नाही'.

दुसरी नापास चिठ्ठी होती 'ग्राहकांशी समजुतीने संवाद साधतो'. चार जणांनी चार लेव्हलला ठेवली. नवलच नाही.

दुसऱ्या फेरीला २१ पास झाल्या, उरलेल्या तीनपैकी दोन परत लिहिल्या आणि एक तशीच ठेवली, लेव्हल ४ चं शिकवणं, कारण तसं काम आमच्याकडे तोवर कोणी केलंच नव्हतं, मग प्रसंग कुठून आणणार. कंटाळा आला होता हेही खरं. ही पूर्ण कसरत दर फेरीला चाळीसेक मिनिटांची आहे, जास्त नाही.

संवाद, ओनरशिप असल्या गोष्टी मग लिहायच्याच नाहीत का?

लिहायच्या, पण दिसेल अशा. मी विचारते, 'हे जमत नसलेल्या माणसाचं तिकीट उघडलं तर मला काय दिसेल?' ओनरशिप नसली तर काय दिसतं? ग्राहकाने तीनदा 'काय झालं' विचारलेलं दिसतं. मग सेल असा होतो: 'केस इंजिनिअरकडे असली तरी ठरल्या दिवशी ग्राहकाला स्वतःहून कळवतो, काही नवीन नसलं तरी.' हे तिकीट उघडून तपासता येतं. दिसेल असं काहीच सुचत नसेल तर तो बहुधा तुमच्या टीमच्या कामाचा भाग नाही, तुम्हाला आवडणाऱ्या स्वभावाचं वर्णन आहे. शांत माणूस आणि बडबड्या माणूस दोघेही लेव्हल ४ ला बसू शकले पाहिजेत.

रेटिंग कोणी द्यायचं? स्वतः, की लीडने?

आधी माणसाने स्वतः भरायचं, आणि प्रत्येक आकड्याला गेल्या सहा महिन्यांतली दोन तिकिटं जोडायची. एक पुरत नाही, एखादा दिवस सगळ्यांचाच चांगला जातो. मग दोन लीडनी एकमेकांचं न बघता भरायचं, आणि नंतर तिघांचे आकडे शेजारी ठेवायचे.

आम्ही दोघांनी पहिल्यांदा भरलं तेव्हा नऊ माणसं गुणिले सहा, ५४ आकडे होते. ३३ जुळले, १७ मध्ये एका लेव्हलचा फरक आणि ४ मध्ये दोन लेव्हलचा. एकचा फरक असेल तर आधी संशय सेलच्या वाक्यावर घ्यायचा, माणसावर नाही. त्या १७ पैकी सगळ्यात जास्त एकाच स्किलमधले आणि तेही 'प्रॉडक्टची माहिती' या कॉलममधले निघाले, दुसऱ्या कॉलममध्ये एक-दोन असे पडलेले, म्हणजे तो कॉलमच नीट लिहिलेला नव्हता.

दोनचा फरक असलेले चारही आकडे मात्र एकाच मुलाचे होते. हसतमुख, कोणीही हाक मारली की हजर, माझा लाडका. मी त्याला सगळीकडे ३ दिले होते, दुसऱ्या लीडने त्या चार ठिकाणी १. तिकिटं उघडली आणि माझी बोलती बंद झाली. उत्तरं गोड लिहायचा, पण एस्कलेशनमध्ये अकाउंट नंबरसुद्धा नसायचा. याला हॅलो इफेक्ट म्हणतात, मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेल्या रेटिंगमध्ये हेच दाखवलं होतं की एका गुणाचं चांगलं मत बाकीच्या गुणांवर सांडतं. तेव्हापासून मी माणसामागून माणूस भरत नाही. एक स्किल घेते, त्यात नऊही जणांचं भरते, मग पुढचं स्किल. एवढ्यानेही बराच फरक पडतो, पूर्ण जात नाही.

एखाद्याला ते काम करायची संधीच मिळाली नसेल तर १ द्यायचा का?

नाही, रेघ मारायची. १ म्हणजे 'मदतीने करतो' आणि रेघ म्हणजे 'आम्ही बघितलेलं नाही'. आमच्याकडे रात्रीच्या शिफ्टच्या दोघांना हेल्प लेख लिहायला कधी दिलेच नव्हते आणि पहिल्या खेपेला त्यांना तिथे १ पडला होता. बरोबरच चिडले ते. रेघ दिसली की तो लीडचा होमवर्क असतो, काम द्यायचं राहिलंय.

सगळ्या स्किल्सची सरासरी काढून एक नंबर देऊ का? मॅनेजमेंटला तोच हवा असतो.

हवा असतो, माहितीये. तरी देऊ नका. आमच्या दोघांचे आकडे सांगते, वर दिलेल्या स्किल्सच्याच क्रमाने. एकीचे ४, ४, १, ३, २, १. दुसऱ्याचे ३, २, ३, २, ३, २. दोघांची बेरीज १५, सरासरी अडीच. पहिली कसलाही किचकट बग शोधून काढते पण तिची उत्तरं वाचून ग्राहक अजून भडकतो. दुसरा सगळीकडे ठीकठाक. अडीच या आकड्यात हे दोघं एकच व्यक्ती आहेत.

त्याऐवजी भूमिकेला किमान अट ठेवा. आमच्याकडे सिनियर व्हायला मूळ शोधणं आणि एस्कलेशन दोन्हीत किमान ३, बाकी सगळ्यात किमान २. या हिशोबाने दोघंही अजून सिनियर नाहीत, पण पहिलीला उत्तरं आणि शिकवणं यावर काम करायचंय आणि दुसऱ्याला फक्त एस्कलेशनवर. लगेच कळतं कोणाला काय द्यायचं. मॅनेजमेंटला सांगा की किती जण अट पूर्ण करतात आणि कितींचं एकच स्किल बाकी आहे, त्यांचं भागतं.

पगारवाढीशी जोडायची का?

पहिले सहा महिने नको, कारण सेल अजून कच्चे असतात आणि कच्च्या वाक्यावर कोणाची वाढ अडवली तर ती मॅट्रिक्स कायमची बदनाम होते. पण 'याचा पगाराशी काही संबंध नाही' असंही बोलू नका, कोणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवायलाही नको. आम्ही सरळ सांगितलं होतं की या वेळच्या वाढीत हे वापरणार नाही, पुढच्या वेळी सिनियरच्या प्रमोशनसाठी वापरू, तोवर जे चुकीचं वाटतंय ते भांडून बदलून घ्या. भांडले, बदललं.

लोक फक्त मॅट्रिक्समध्ये बसावं म्हणून काम करायला लागले तर?

लागतातच. आमच्या हेल्प लेखाच्या लेव्हल २ मध्ये लिहिलं होतं 'महिन्याला किमान एक लेख लिहितो'. रिव्ह्यूच्या आधीच्या महिन्यात १४ लेख आले, त्यातले तीन पासवर्ड बदलण्यावर. दोष लोकांचा नव्हता, सेलमध्ये आम्हीच संख्या मागितली होती. आता तिथे आहे 'त्याने लिहिलेल्या लेखाची लिंक टीममधले इतर जण आपल्या उत्तरात वापरतात'. हे एकट्याला घडवून आणता येत नाही, दुसऱ्याला तो लेख खरंच उपयोगी वाटावा लागतो. कुठल्याही सेलमध्ये आकडा असेल तर स्वतःला विचारा की हा आकडा काम न सुधारता वाढवता येईल का. येत असेल तर कोणीतरी वाढवणार.

कॉलम उभा वाचला तर काय कळतं?

कोण रजेवर गेलं की आपण अडतो ते. प्रत्येक कॉलमखाली ३ किंवा वर किती जण आहेत ते मोजा, स्प्रेडशीटमध्ये एका ओळीचं काम आहे:

```
=COUNTIF(C2:C10,">=3")
```

आमच्या एस्कलेशन कॉलममध्ये उत्तर आलं २. ते दोघं एकमेकांचे जिगरी, रजाही एकत्रच टाकायचे, आणि त्या आठवड्यात इंजिनिअरिंगकडून केसेस परत येण्याचं प्रमाण का वाढायचं ते कोडं तिथे सुटलं. उत्तर १ किंवा ० आलं तर ट्रेनिंग कोणाला द्यायचं हे त्या कॉलममध्ये २ वर कोण आहे ते बघून ठरवा, १ वाल्याला उडी मारायला लावू नका.

किती वेळ लागतो सगळ्याला?

प्रसंग लिहायला प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास. गठ्ठे करायला आम्हा दोघांना एक दुपार. सेल लिहायला दोन दुपारी, आणि एकदम एका दिवसात लिहू नका, दुसऱ्या दिवशी आपलीच वाक्यं पोकळ वाटतात. चिठ्ठ्यांच्या दोन फेऱ्या. मग रेटिंगची चर्चा, ५४ आकड्यांना तीन तास गेले, त्यातला जवळजवळ सगळा वेळ न जुळलेल्या २१ वर. रोजचं काम सांभाळून पाच आठवडे लागले.

आमची टीम तीन-चार जणांचीच आहे, तरी करावी का?

पूर्ण मॅट्रिक्स नको. ज्या एका कामावरून सारखी कुरबुर होते ते घ्या आणि त्याच्या चार लेव्हल लिहा, बस. आणि चिठ्ठ्या ओळखायला टीमबाहेरचा कोणीतरी घ्या, चार जणांत सगळ्यांना माहीत असतं की कोणतं वाक्य कोणाला बघून लिहिलंय.

इंटरनेटवरून तयार मॅट्रिक्स घेतली तर चालेल का?

स्किल्सची नावं सुचायला घ्या. सेल घेऊ नका. दुसऱ्याच्या टीममधल्या लेव्हल ३ ला तुमच्याकडे प्रसंगच नसतो आणि मग पहिल्याच रेटिंगला 'याचा अर्थ काय' यावर तासभर जातो.

किती दिवसांनी बदलायची?

सहा महिन्यांनी, आणि फक्त ज्या सेलवरून वाद झाला तेवढेच. आम्ही व्याख्येच्या शीटला शेवटी एक रकाना ठेवलाय, 'इथे अडलं', रेटिंग भरताना ज्याला जे वाक्य कळलं नाही तो तिथे तारीख आणि एक ओळ टाकतो. गेल्या खेपेला त्यात पाच ओळी होत्या, पाच सेल बदलले, चिठ्ठ्या फक्त त्या पाचच्या पिसल्या. सेल बदलला की त्या स्किलचे जुने आकडे पुसून नव्याने भरायचे, नाहीतर एखादा माणूस काहीच न करता वर किंवा खाली गेलेला दिसतो आणि त्याचं उत्तर तुम्हाला देता येत नाही.